दोन उंदीर, दोन घोडे आणि लाकूड नसलेला नवरा

आपला नवरा धातू आहे हे मला लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी कळलं. साधा धातूही नाही, दागिन्याचा. त्यानंच मला हे सांगितलं, सिएटलजवळ, बेलव्ह्यूच्या आमच्या घरात, डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवून, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"मी शिन मेटल आहे," तो म्हणाला. "नाजूक. सोन्याचांदीसारखा. मला जपावं लागतं."

"दागिना!" मी म्हटलं. "सत्तावीस वर्षांत मला एक पाटली केली नाहीस, आणि आता स्वतःच दागिना झालास होय?"

हसला नाही. तेव्हाच ओळखलं की प्रकरण साधं नाही.

हे खूळ आमच्या घरात आणलं मीच. मी सकाळी कम्युनिटी सेंटरमध्ये बॅडमिंटन खेळायला जाते, तिथं माझ्या जोडीला एक तैवानी बाई असतात. सत्तरीच्या आहेत. दातांच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर झाल्यात, पण जरब अजून तशीच. मी त्यांना काकू म्हणते आणि त्यांना ते आवडतं. मैत्रिणींच्या पत्रिका बघतात, आपल्यासारख्या बारा घरांच्या नव्हेत, चिनी पद्धतीच्या, आठ अक्षरांच्या. वर्ष, महिना, दिवस आणि तास असे चार खांब, प्रत्येक खांबावर दोन अक्षरं, वरचं आकाशाचं आणि खालचं जमिनीचं, बारा प्राण्यांपैकी एकाचं. दर अक्षराला पाचांपैकी एक तत्त्व असतं: लाकूड, आग, माती, धातू, पाणी. दिवसाच्या खांबावरचं वरचं अक्षर म्हणजे तुम्ही स्वतः. बाकीची सात तुमच्या आजूबाजूची माणसं समजा, कुणी तुम्हाला खाऊ घालणारं, कुणी तुमचं खाणारं.

काकूंनी माझी मांडली होती. फेब्रुवारीतला, म्हणजे त्यांच्या हिशेबानं वसंतातला जन्म, पुण्यात, पहाटेचा. वाघाचं वर्ष, वाघाचा महिना. लाकडाची पाच अक्षरं, आगीची तीन. माती नाही, धातू नाही, पाण्याचा थेंब नाही. "तू मोठं झाड आहेस," काकू म्हणाल्या. "सरळ वर जाणारं. भर मोसमातलं, जोरदार." त्या पुढं काहीतरी सांगत होत्या, पण माझी मीटिंग होती. जेवढं ऐकलं तेवढ्यावर मी आठवडाभर घरात मिरवले. नवरा काही बोलला की म्हणायची, "झाडाशी बोलतोयस, जपून."

तेव्हा त्यानं नाक मुरडलं होतं. हा माणूस मूळचा नागपूरचा आणि पत्रिकेचा कट्टर वैरी. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या मंडळींनी गुण जुळवले, तेव्हा यानं विचारलं होतं, "पासिंग किती लागतं?" चिनी पत्रिका ऐकून तर त्याला चेवच आला. "आपल्या पंचमहाभूतांत वायू आहे, आकाश आहे. यांनी ते काढून लाकूड आणि लोखंड घातलं. हे काय हार्डवेअरचं दुकान आहे का?"

मग मला श्रूजबरीची ऑफर आली.

मी औषधांवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली केलं. आता तिकडं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका छोट्या लॅबची प्रमुख म्हणून बोलावत होते. उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. नवऱ्याची नोकरी अशी की महिन्यातून एखाद्या वेळी ऑफिसला तोंड दाखवलं तरी चालतं. मुलगी शिकून बाहेर पडलेली. म्हणजे अडचण अशी काही नव्हतीच. मी घरी आले, पर्स ठेवली आणि सांगून टाकलं, "मी घेतेय. तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी एकटीही राहू शकते."

तो "अभिनंदन" म्हणाला, चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि वर निघून गेला. दोन दिवसांनी खाली आला तो धातू होऊनच.

ॲप डाउनलोड केलं होतं. नुसतं तेवढंच नाही, एक एक्सेल शीटही बनवली होती, रंगीत. ज्या माणसानं आयुष्यभर गुरुजींची टिंगल केली तो मला स्क्रीनवर बोट ठेवून समजावत होता. "हे बघ. मी धातू, जन्म ऐन हिवाळ्यातला. हिवाळा म्हणजे पाण्याचं राज्य. माझ्याकडं पाण्याची पाच अक्षरं आहेत. धातूतून पाणी निघतं, म्हणजे ही पाचही मला शोषून घेतायत. मी एकटा, अशक्त. मला टेकू कुणाचा? मातीचा, कारण मातीतून धातू येतो. आणि माती किती आहे? एकच अक्षर. आता तू कोण? लाकूड. लाकूड काय करतं? मातीत मुळं घुसवतं, ती फोडतं. आणि तुझी आग मला वितळवते."

"मग सत्तावीस वर्षं वितळला नाहीस तो?"

"वितळतच होतो. कारण आत्ता कळलं." त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "आणि दिशा बघ. पश्चिम धातूची. आपण आहोत वेस्ट कोस्टला. इथं माझं भलं झालं. पूर्व लाकडाची. श्रूजबरी ईस्टला. मी तिथं गेलो की संपलो."

"तुझ्या पत्रिकेत लाकूड नाहीच ना? मग मी आहे की भरपाई."

"तिथंच लोक चुकतात," तो अगदी काकूंच्या थाटात म्हणाला. "जे नाही ते हवंच असं नसतं. अशक्त धातूला लाकूड झेपत नाही. बोथट कुऱ्हाड झाडावर मारली तर तुटतं कोण?"

खरं सांगते, मला राग आला, आणि त्याहून जास्त हसू. कारण यातलं शास्त्र तो बरोबर सांगत होता. तिथं त्याला धरता येत नव्हतं.

मग घरात युद्ध पेटलं. त्यानं पांढरे शर्ट घालायला सुरुवात केली, कारण धातूचा रंग पांढरा. लाकडी पोळपाट कपाटात गेला आणि ओट्यावर स्टीलचा आला. मी त्याच्या खुर्चीमागं बांबूची कुंडी ठेवली. तो ती बाल्कनीत नेऊन ठेवायचा, मी परत आणायची. मी रोज पालक, मेथी, मुळ्याचा पाला करायला लागले. हिरवा रंग लाकडाचा, आंबट चव लाकडाची, म्हणून वरणात चिंच जरा जास्तच. तो मुकाट खायचा आणि म्हणायचा, "मला कळतंय हं तुझं." त्यानं मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, धिस इज सो लेम," आणि दुसऱ्याच विषयावर गेली.

पण आतून मला बरं वाटत नव्हतं. दिवस सरत होते. मी एकटी राहू शकते म्हणाले होते खरी, पण तिथल्या घरांचे फोटो बघायला लागले की हात आपोआप दोघांपुरत्या दोन खोल्यांच्या घराकडं जायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याला तर नाहीच नाही.

मंगळवारी तो आंघोळीला गेला असताना मी त्याचं ॲप उघडलं. वर जन्मवेळ लिहिली होती: रात्री दहा वाजून दहा मिनिटं. मी दोनदा वाचलं. आमच्या सासूबाईंनी या माणसाच्या जन्माची कथा मला इतक्यांदा ऐकवली आहे की मी झोपेतही सांगेन. नागपूर, डिसेंबर, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. दवाखान्यात नेईपर्यंत घरचा भात करपला, आणि ते खापर सासूबाई आजवर याच्या माथी मारतात. रात्रीचा प्रश्नच नाही. शिवाय ॲपमधली तारीखही आदल्या दिवशीची. मग खाली गाव बघितलं, तर तिथं बेलव्ह्यू.

क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी टॉवेल तोंडात कोंबून हसले. अहो, यानं जन्मवेळ कन्व्हर्ट केली होती! हा माणूस दिवसभर सर्व्हरच्या लॉगमधले टाइमझोन जुळवतो. भारतातली वेळ दिसली की त्याचा हात आपोआप साडेतेरा तास वजा करतो. स्वतःच्या जन्मालाही त्यानं मीटिंगसारखं पॅसिफिक टाइममध्ये आणून बसवलं होतं.

मी सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं. म्हणाला असता, तुला काय कळतंय त्यातलं. म्हणून मी ॲप जसंच्या तसं बंद केलं आणि काकूंना फोन लावला. बुधवारी थालीपीठ खायला या म्हटलं.

काकू वेळेच्या आधीच आल्या. दोन थालीपिठं लोण्याबरोबर खाल्ली, हात धुतले आणि माझ्या नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "ऐकलं की तू फार आजारी धातू आहेस," त्या म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलतात, पण सूर असा की आता तोंड उघड म्हणतील. "दाखव."

त्यानं मोठ्या अभिमानानं शीट दाखवली. काकूंनी चष्मा लावला. "मांडलीयस चांगली. अशक्त धातू, माती हवी, लाकूड नको, बरोबर आहे. नाही ते हवंच असं नसतं. अक्कलदाढ आलीच नाही म्हणून कुणी बसवून घेत नाही." नवऱ्यानं माझ्याकडं विजयी नजरेनं बघितलं. मी मान खाली घालून ताटं उचलली. "जन्म कुठला?"

"नागपूर. इंडिया."

"रात्री दहाचा?"

"नाही, तिथं सकाळचे अकरा चाळीस होते. मी पॅसिफिकमध्ये कन्व्हर्ट केलं."

काकूंनी चष्मा काढला. मग त्यांना असं हसू फुटलं की टेबल हलायला लागलं. "का? तू पोटातून बाहेर आलास तेव्हा तुझ्या डोक्यावर सिएटलचं आकाश होतं? बाळ नागपुरात रडतंय, सूर्य नागपुरात डोक्यावर येतोय, आणि तू सांगतोस अंधार होता!"

नवऱ्याचा चेहरा पडला. मी सिंककडं तोंड केलं, नाहीतर माझा चेहरा बघून डाव उघडा पडला असता.

काकूंनी कागद मागितला आणि नव्यानं मांडायला घेतलं. आधी नागपूर कुठल्या रेखांशावर आहे ते विचारलं. भारताचं घड्याळ एकाच रेषेवर चालतं आणि नागपूर तिच्या पश्चिमेला, म्हणून तिथला खरा सूर्य घड्याळाच्या थोडा मागं. त्यांनी काही मिनिटं वजा केली, डिसेंबरात सूर्य जरा पुढं असतो म्हणून थोडी परत मिळवली. साडेअकराच्या आसपास वेळ आली. अकरा ते एक म्हणजे घोड्याचा तास, आगीचा. तारीख एक दिवस पुढं सरकली, त्याबरोबर दिवसाचं अक्षरही सरकलं. मग त्यांनी कागद त्याच्यासमोर सारला.

"तू धातू नाहीसच. तू पाणी आहेस. मोठं पाणी, नदीसारखं. वर्ष उंदराचं, महिना उंदराचा, दोन्हींत पाणी. पाण्याची पाच अक्षरं आहेत, पण आता ती तुला शोषत नाहीत, ती तुझ्याच जातीची आहेत. भर हिवाळ्यातलं पाणी, ताकद जरुरीपेक्षा जास्त. दुसऱ्या बाजूला दिवस घोड्याचा, तास घोड्याचा. तीन अक्षरं आगीची. उंदीर आणि घोडा समोरासमोरचे, त्यांचं पटत नाही. दोन उंदीर, दोन घोडे. तुझ्या आत चोवीस तास भांडण चालू आहे आणि बाहेर तू चहा करतोस."

मी गर्रकन वळले. हे काकूंना कुणी सांगितलं?

"माती?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"शून्य. धातू शून्य. लाकूड शून्य. आता बघ, तीन गोष्टी नाहीत. तिन्ही हव्यात का? धातू नको, तो पाणी आणखी वाढवेल. माती बांध घालेल, थोडी चालेल. पण खरी गरज लाकडाची. पाणी आगीवर पडलं तर काय होतं? नुसती वाफ. मध्ये लाकूड ठेव. पाणी लाकडाला वाढवतं, लाकूड आगीला पेटवतं. भांडणारे दोघं एकाच कामाला लागतात. ते लाकूड तुझ्यात नाही. म्हणजे ते बाहेरून यायला हवं." त्यांनी पेन माझ्याकडं रोखलं. "ते तिकडं ताटं विसळतंय."

मी जिंकले होते. इतकी साफ जिंकले होते की हात पुसत टेबलाशी आले आणि म्हणाले, "आणि पूर्व कशाची हो काकू?"

"लाकडाची."

"ऐकलंस?" मी नवऱ्याला म्हटलं. "हिरवे शर्ट आण आता."

"तू फार उड्या मारू नकोस," काकू म्हणाल्या. "बस खाली. तुझं मी अर्धंच सांगितलं होतं."

"तेव्हा नाही सांगितलंत ते!"

"तू ऐकायला थांबली होतीस कुठं? झाड, झाड म्हणत पळालीस." त्यांनी माझी आठ अक्षरं त्याच्या शेजारी लिहिली, न बघता. "पाच लाकूड, तीन आग. एरवी एवढ्या दांडग्या झाडाला मी पाणी दे म्हणणार नाही, उगाच माजेल. पण तुझ्या बुडाशी घोडा आहे, डोक्यावर दोन्ही बाजूंना आग आहे. तू स्वतःच जळण आणि स्वतःच जाळ. लोकांना उजेड दिसतो, सगळे म्हणतात वा. आणि मुळाशी ओल नाही. तुझ्यात पाण्याचं एकही अक्षर नाही. एकटी गेलीस तर पहिलं वर्ष झगमगशील, मग कोरडी पडशील."

मी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"म्हणजे हिला..." नवऱ्यानं कागद स्वतःकडं ओढला. "हिला पाणी लागतं?"

"तुझ्याइतकं पाणी कुणाकडं असतं? आणि दिल्यानं तू आटत नाहीस. अशक्त पाणी असतं तर मी सांगितलं असतं, झाडापासून लांब राहा, पिऊन टाकेल. तुझं तुंबलंय. ते वाहायला वाट हवी, हिला प्यायला हवं. तुला हलकं वाटेल, ही हिरवी राहील. नुसतं एकाचं नाही म्हणून दुसऱ्याचं घ्यायचं, याला जोडी म्हणत नाहीत. देणाऱ्यालाही ते द्यायची गरज असावी लागते. तुमच्यात ती आहे. कोथिंबीर आहे का घरात? उद्या सूप करायचंय."

मी त्यांना कोथिंबिरीची जुडी दिली. त्यांनी जोडे घातले आणि निघाल्या. ज्योतिष आपल्याला पटत नाही, हे नवऱ्यानं त्यांना दारापर्यंत पोचवताना एकदा तरी म्हणावं असं मला वाटलं. म्हणाला नाही.

परत येऊन तो टेबलाशी बसला. दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी पडल्या होत्या. मी म्हटलं, आता तर कारण संपलं. आता सांग.

"तुला माहीत होतं ना," तो म्हणाला. "वेळ चुकलीय ते."

"कालपासून."

"वाटलंच. ताटं कधी इतक्या मन लावून विसळत नाहीस." तो हसला, पण अर्धवट. "मलाही माहीत होतं."

"काय माहीत होतं? वेळ चुकलीय ते?"

"वेळ नाही गं, तेवढा गाढव आहेच मी. हे कारण नाही, ते माहीत होतं. मी शोधत होतो काहीतरी. दोन दिवस वर बसून ना-ची कारणं शोधली. नोकरीचं जमतंय, घर विकता येतंय, थंडीही सहन होते. एकही कारण टिकेना. म्हणून ते ॲप काढलं. त्यात पहिल्यांदा आलं की तू मला चालत नाहीस. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान नकार माझ्याकडून जाईल."

"कसला नकार? मी कधी नकार दिला?"

त्यानं पत्रिकांचा कागद उलटा करून ठेवला. एवढं तुंबलेलं पाणी मी सत्तावीस वर्षं शेजारी घेऊन झोपत होते.

"तू म्हणालीस, मी एकटीही राहू शकते."

मी खुर्चीत बसले. माझं लाकूड, माझी आग, माझा वाघ, सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर खेकसले, "अरे मूर्ख माणसा, नाही राहू शकत! मला नाही राहायचं तिथं एकटीला. दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय मी. चल ना माझ्याबरोबर."

त्यानं पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं माझं नाक पुसलं.

"हे त्या दिवशी म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर मी ॲप उघडलंच नसतं."